फॅक्टर आठ आणि एएव्हीचे कवच : एका प्रतिक्रियेला उत्तर

देवगडहून एका ताईंनी लिहिले आहे : “फॅक्टर आठचे जनुक एएव्ही विषाणूत मावत नाही असे आपण लिहिलेत. मग रॉक्टाव्हियनला मंजुरी कशी मिळाली? माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला हिमोफिलिया ए आहे. अर्धवट माहितीने घरची माणसे घाबरतात, याचा विचार करावा.”

ताई, ‘मावत नाही’ हे माझे शब्द अपुरे होते, हे मी मान्य करतो. हिमोफिलिया ए मध्ये रक्त गोठवणारे फॅक्टर आठ हे प्रथिन पुरेसे बनत नाही, आणि रॉक्टाव्हियन हे औषध त्याचे जनुक एएव्ही या छोट्या विषाणूच्या कवचात भरून यकृतात पोहोचवते. जे घडते ते त्याहून गुंतागुंतीचे आहे आणि आपल्या भाच्याच्या दृष्टीने ते नीट समजणे आवश्यक आहे.

एएव्हीचे कवच जेमतेम 25 नॅनोमीटरचे असते. ते 60 प्रथिनांचे मिळून ठरावीक आकारातच जुळते, त्यामुळे आपल्या सोयीने ते मोठे करता येत नाही. त्यात डीएनएची सुमारे 4,700 अक्षरे व्यवस्थित बसतात. फॅक्टर आठ तयार करण्याची सूचना मात्र सुमारे 7,000 अक्षरांची आहे. सुदैवाने या प्रथिनाच्या मधला ‘बी’ नावाचा मोठा भाग रक्त गोठवण्यासाठी लागत नाही, म्हणून तो वगळून सूचना सुमारे 4,400 अक्षरांवर आणली गेली. परंतु दोन्ही टोकांना विषाणूची 145-145 अक्षरे ठेवावीच लागतात, आणि यकृतात जनुक चालू करणारा भाग व शेवटची खूण वेगळीच. हे सगळे धरून एकूण लांबी 5,000 च्या जवळ जाते, म्हणजे मर्यादेच्या थोडी पलीकडे.

आपल्याकडे हापूसची पेटी आधी तयार असते आणि आंबा नंतर भरला जातो. इथेही रिकामे कवच आधी बनते आणि डीएनए एका टोकाकडून आत ओढला जातो. कवच भरले की उरलेले टोक बाहेरच राहते आणि तुटते. त्यामुळे अनेक कवचांत अपुरे तुकडे असतात, काहींत एका टोकाकडचे तर काहींत दुसऱ्या टोकाकडचे. असे दोन तुकडे एकाच यकृतपेशीत पोहोचले, तर मधल्या सामायिक भागावर ते एकमेकांना चिकटतात आणि पेशीची दुरुस्ती यंत्रणा त्यांतून पूर्ण सूचना उभी करते. म्हणूनच औषध काम करते. मात्र ही जुळणी प्रत्येक पेशीत होत नसल्याने कवचे फार मोठ्या संख्येने द्यावी लागतात. रॉक्टाव्हियनची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे 6×10^13, म्हणजे 60 लाख कोटी कवचे इतकी आहे. हिमोफिलिया बी मध्ये लागणाऱ्या फॅक्टर नऊची सूचना अवघी 1,400 अक्षरांची असते. त्यावरील हेमजेनिक्स या जनुकीय औषधात शिवाय अधिक कार्यक्षम फॅक्टर नऊ वापरलेला आहे, आणि त्याची मात्रा याच्या एक तृतीयांश आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कवच हे शरीराला परके प्रथिन आहे आणि ते घेतलेल्या यकृतपेशींवर रोगप्रतिकार करणाऱ्या टी-पेशी हल्ला करू शकतात. तसे झाले की यकृताला इजा झाल्याचे दाखवणारे रक्तातील एएलटी वाढते आणि मिळवलेला फॅक्टर आठ घसरू लागतो. म्हणून पहिले निदान 26 आठवडे दर आठवड्याला दोन्ही तपासण्या कराव्या लागतात आणि एएलटी वाढल्यास स्टिरॉइड सुरू करावे लागते. रॉक्टाव्हियनच्या मोठ्या चाचणीत बहुतेक रुग्णांत ही वाढ दिसली. त्याच चाचणीत फॅक्टर आठची सरासरी पातळी पहिल्या वर्षाअखेर, निरोगी माणसाची पातळी 100 धरली तर, सुमारे 42 होती आणि दुसऱ्या वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यावर आली. रक्तस्राव तरीही बरेच कमी झाले, हेही तितकेच खरे आहे, आणि मंजुरी त्याच आधारावर मिळाली.

आता भाच्याविषयी. ही मंजुरी प्रौढांसाठीच आहे आणि त्यामागे ठोस कारण आहे. आत गेलेला डीएनए बहुतांशी गुणसूत्रांना न जोडता पेशीत सुटा राहतो. नऊ वर्षांच्या मुलाचे यकृत अजून वाढायचे आहे. पेशी दुभंगल्या की हा सुटा डीएनए त्यांच्याबरोबर दुप्पट होत नाही, तो विरळ होत जातो. पुन्हा मात्रा द्यावी म्हटले, तर पहिल्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे तेच कवच वाटेतच निकामी करतात. शिवाय अशी प्रतिपिंडे नैसर्गिक संसर्गातूनही अनेकांत आधीच असतात, म्हणून मात्रा देण्यापूर्वी रॉक्टाव्हियनमध्ये वापरलेल्या एएव्ही पाच या प्रकाराविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी केली जाते.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच प्रौढ रुग्णांत वेगळा मार्ग वापरला आणि त्याचे निष्कर्ष डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे रुग्णाच्या स्वतःच्या रक्त-मूळपेशींत लेंटीविषाणूने जनुक घातले जाते. या विषाणूत जागा अधिक असते आणि जनुक गुणसूत्रात जोडले जात असल्याने पेशी दुभंगली तरी टिकते. मात्र त्याआधी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते आणि जनुक चुकीच्या जागी जोडले गेल्यास कर्करोगाची शक्यता असते, म्हणून त्या रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवणे भाग आहे. भाच्यासाठी आज फॅक्टरची किंवा फॅक्टर आठचे काम करणाऱ्या एमिसिझुमॅब या औषधाची नियमित प्रतिबंधक इंजेक्शने हाच मार्ग आहे. तो चालू असताना सांध्यांमध्ये रक्तस्राव होऊ न देणे, हे त्याच्या पुढच्या कोणत्याही उपचारासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे.