पाक झाला का?

शेंगदाण्याच्या चिक्कीला साहित्य तीनच: दाणे, गूळ, तूप. म्हणून तर माणूस बेसावध राहतो. पुरणपोळी करायची म्हटलं की आधीच धडकी भरते, ते एका अर्थी बरंच असतं.

दोन वाट्या भाजून, सोलून, फाकी केलेले दाणे घ्यायचे आणि दीड वाटी बारीक चिरलेला गूळ. दुकानदार "साधा की चिक्कीचा?" असं विचारतो तेव्हा चिक्कीचाच म्हणायचं, साध्याचा भरवसा मी देत नाही. गॅस पेटवण्याआधीच ताट उपडं करून त्याला आणि लाटण्याला तूप फासायचं, सुरी शेजारी ठेवायची. पाक तयार झाल्यावर "लाटणं कुठाय?" विचारणाऱ्याला चिक्की मिळत नाही, ढेकूळ मिळतं.

कढईत चमचाभर तूप, गूळ आणि मंद आच. गूळ विरघळून फेसाळला, रंग गडद झाला की परीक्षा सुरू. वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडायचा. पहिला थेंब पाण्यात पसरतो. थोड्या वेळाने सोडलेल्याची मऊ गोळी वळते, आणि तेव्हाच घरातलं कुणीतरी "झाला की!" म्हणतं. ही गोळी लाडवांची, चिक्कीची नव्हे. त्यापुढची गोळी जास्त फसवी. बोटांना घट्ट लागते, पण दाताखाली धरली की दाताला चिकटून बसते. अजून थांबायचं. पाकातलं पाणी जवळजवळ संपलं, म्हणजे साधारण १५० अंश सेल्सिअसला, की पाण्यातला थेंब काचेसारखा कडक होतो. तो वाकत नाही, कटकन मोडतो, ताटलीवर टाकला तर टण् वाजतो. मात्र थेंब पाण्यात चार-पाच सेकंद पुरता गार होऊ द्यायला हवा. कोमट थेंब झालेला पाकही कच्चा दाखवतो.

आणि हे सगळं तपासताना कढई आचेवरून खाली. तुम्ही बोटांत गोळी दाबत तत्त्वचिंतन करत असता, तेवढ्यात पाक जळून कडू होतो. त्यावर इलाज नाही.

थेंब मोडला की दाणे पाकात. दाणे कोमट हवेत. गार दाण्यांनी पाक कढईतच थिजतो. चार वेळा ढवळून मिश्रण ताटावर ओतायचं आणि लगेच जोर लावून लाटायचं. कडा आधी आवळतात, म्हणून लाटणं मधून कडेकडे न्यायचं. गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या, गार झाल्यावर त्याच रेघांवर वड्या तुटतात. रेघा राहिल्या तर पुढे खलबत्ता लागतो आणि वड्यांचे आकार नकाशातल्या बेटांसारखे होतात.

चिक्की चिवट निघाली तर तुकडे पुन्हा कढईत घालून अगदी मंद आचेवर वितळवता येतात, थेंब पुन्हा तपासायचा, दाणे करपू द्यायचे नाहीत. वड्या गार होताच घट्ट झाकणाच्या डब्यात, कारण गूळ हवेतली ओल ओढून घेतो. कढई मात्र खरवडायची नाही. पाणी घालून उकळायचं, गूळ आपोआप सुटतो.