कुजण्याआधीच विष पाण्यात

"सिगारेटची थोटकं कापसाची असतात, पावसापाण्यात कुजून जातात," असं अनेकांना वाटतं.

फिल्टर दिसतो कापसासारखा, पण असतो सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचा. तो झिजायला वर्षं लागतात. निकोटिन मात्र पहिल्या सरीतच उतरू लागतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लिटरभर पाण्यात साधारण एक ओढलेलं थोटूक भिजवलं, तेवढ्यानेही त्या पाण्यातले निम्मे मासे चार दिवसांत मेले.

आमच्या ऑफिसच्या दारात आम्ही थोटकांसाठी डबा ठेवला, तेव्हा हेच नडलं. आधी तो दहा पावलं लांब होता, कोणी फिरकेना. शेवटचा झुरका जिथे मारतात, तिथे भिंतीला लावला तर भरू लागला. पण तोंड उघडं! पावसात तळातून चहासारखं पाणी थेट गटारात. मग उतरतं झाकण आणि बोटभर फट असलेला पत्र्याचा डबा केला. थोटकं कोरडी राहिली, तरच पुनर्वापराला देण्यात अर्थ आहे. तिथेही कागद-तंबाखू वेगळे करून तंतू धुतात आणि ते धुण्याचं पाणीही विषारीच. त्याचं काय करता, हे थोटकं घेणाऱ्याला आधी विचारा.