गाळ्याचे भाडे आणि मुदत : एका गाळेमालकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

«सलूनवालीने आपल्या गाळेमालकाला लिहायच्या पत्राचा तुमचा नमुना वाचला. माझे स्वतःचे दोन गाळे भाड्याने दिलेले आहेत, म्हणून लिहितो. धंदा मंदावला म्हणून मालकाने भाडे का कमी करावे? वर पाच वर्षांची मुदतही हवी! म्हणजे तोटाही मालकाचा आणि बंधनही मालकालाच. उद्या ती गाळा सोडायला तयार झाली नाही तर? शिवाय तिने महिन्याची मिळकत पत्रात लिहिली आहे. माझ्या हाती असे पत्र आले असते तर मी भाडे वाढवले असते.»

सप्रेम नमस्कार.

मिळकतीच्या वाक्याबद्दल आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते वाक्य मी नमुन्यातून काढून टाकले आहे. मिळकत कमी लिहिली तर ही बाई भाडे थकवील अशी शंका मालकाच्या मनात येते आणि जास्त लिहिली तर सवलतीची गरजच संपते. दोन्ही बाजूंनी ते वाक्य लिहिणाऱ्याच्याच अंगावर येते. धंदा मंदावल्याचा मुद्दाही मी आता मागे घेतो. सलूनसमोरचा रस्ता सांडपाण्याच्या वाहिनीसाठी पाच महिने खणलेला होता, हे खरे असले तरी त्यात मालकाचा दोष नव्हता आणि खड्डा बुजल्यावर ते कारणही उरत नाही.

मात्र मुदतीच्या बाबतीत आपला आणि माझा मतभेद आहे, आणि त्यासाठी त्या गाळ्याची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला सुमारे २२० चौरस फुटांचा तो गाळा आहे. भाडे महिना २४,००० रुपये, अनामत एक लाख आणि करार दर वेळी अकरा महिन्यांचा. बाईंना केस धुण्याची दोन बेसिने बसवायची होती. त्यासाठी फरशी फोडून सांडपाण्याची नळी मागच्या चेंबरपर्यंत न्यावी लागते, गीझरसाठी वेगळी वायर ओढावी लागते आणि ओल शेजारच्या गाळ्यात उतरू नये म्हणून खाली वॉटरप्रूफिंग करावे लागते. खुर्च्या आणि आरसे जाताना नेता येतात, पण हे काम नेता येत नाही. अशा न नेता येणाऱ्या कामाचा अंदाज १,८०,००० रुपये निघाला. अकरा महिन्यांत तो वसूल करायचा म्हटले तर महिन्याला १६,००० हून अधिक पडतात आणि साठ महिन्यांत केला तर बरोबर ३,०००. पाच वर्षांची मागणी या हिशेबातून आली आहे, आणि मूळ पत्रात मी नेमका हाच हिशेब लिहिला नव्हता, ही माझी चूक.

आता बंधनाविषयी. पाच वर्षांचा करार म्हणजे पाच वर्षांची हमी, असा समज भाडेकरू आणि मालक दोघांचाही असतो, पण करारात «एक महिन्याच्या नोटिशीने कोणताही पक्ष करार रद्द करू शकेल» असे कलम असेल तर साठ महिन्यांचा करारही महिन्याभराचाच ठरतो. खरी हमी लॉक-इनच्या, म्हणजे ठरलेल्या काळात करार मोडता येणार नाही असे सांगणाऱ्या, कलमात असते. म्हणून सुधारलेल्या पत्रात बाईंनी मालकाकडे ३६ महिन्यांचा लॉक-इन मागितला (सलग दोन महिने भाडे थकले तर तो लागू नाही) आणि स्वतःवर २४ महिन्यांचा घेतला. त्याआधी त्या गेल्या तर उरलेल्या महिन्यांचे भाडे त्यांनी द्यायचे. एवढे झाल्यावर बंधन एकट्या मालकाला राहत नाही.

गाळा न सोडण्याची भीती मला निराधार वाटत नाही, कारण पागडीच्या काळातील अनुभव घरोघरी सांगितले जातात. परंतु त्या भीतीला खतपाणी माझ्याच पत्रातील «दीर्घ मुदतीची लीज» या शब्दांनी घातले. मागायला हवा होता तो लिव्ह अँड लायसन्सचा करार. त्यात जागा वापरण्याची केवळ परवानगी असते, जागेत हक्क निर्माण होत नाही, आणि महाराष्ट्रात तो साठ महिन्यांपर्यंत करता येतो; त्यापलीकडे गेल्यास मुद्रांक शुल्कासाठी तो लीजमध्ये धरला जातो. पाच वर्षांचा आकडा तिथूनही सोयीचा आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून भागते, हाही एक चुकीचा समज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत जागा घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे गाळ्याच्या काळजीने झोप न लागणाऱ्या मालकाने नोटरीच्या कागदापेक्षा नोंदणीकृत पाच वर्षांवर अधिक विसंबावे.

राहिला तोट्याचा प्रश्न. सुधारलेल्या पत्रात मागणी अशी होती : पहिले बारा महिने २१,०००, दुसऱ्या वर्षी पूर्ववत २४,००० आणि तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी पाच टक्के वाढ. सवलत झाली एकूण ३६,००० रुपयांची. त्याच इमारतीतील एक गाळा चार महिने «भाड्याने देणे आहे» या पाटीसह बंद होता, हे मालक रोज जाता-येता पाहत होते. बाई गेल्या, गाळा केवळ एक महिना रिकामा राहिला आणि नव्या भाडेकरूसाठी दलालाला एका महिन्याचे भाडे द्यावे लागले, तरी ४८,००० जातात. नोंदणीचा खर्च बाईंनी उचलायची तयारी दाखवली. एकूण भाड्यावर आणि अनामतीच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का या दराने मुद्रांक शुल्क सुमारे ३,९०० आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. यात मालकाचा खरा धोका एकच आहे, तो मी लपवत नाही : तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्या भागातील भाडी एकदम चढली तर पाच टक्क्यांच्या वाढीत ते मागे पडतील. आपला गाळा मोठ्या रस्त्याला लागून असेल आणि रिकामा झाल्यावर आठवड्यात जात असेल, तर आपण हे पत्र नाकारणेच योग्य, आणि त्या जागी मीही नाकारले असते.

एक गोष्ट मात्र आपणही विचारली नाहीत आणि मीही पहिल्या वेळी लिहिली नव्हती. मालकाने गाळा विकला तर काय? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे जागा विकत घेणारा लायसन्सला बांधील नसतो. त्यामुळे ३६ महिन्यांचा लॉक-इन असूनही नवा मालक बाईंना जायला सांगू शकतो आणि बेसिन, नळी, वायर सगळे तिथेच राहते. म्हणून पत्रात हे वाक्य घातले : «लॉक-इनच्या काळात आपण गाळा विकल्यास, खरेदीदाराने हा करार उरलेल्या मुदतीसाठी लेखी मान्य करावा अशी अट विक्रीत घालावी; तसे न झाल्यास वर नमूद केलेल्या कामाचा उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातील खर्च आपण द्यावा.» असे वाक्य नव्या मालकाला बांधत नाही, पण जुन्या मालकाकडे भरपाई मागायला आधार देते.

मालकांनी बाईंना समोर बसवून पत्र दोनदा वाचले. पाच वर्षे त्यांना जड वाटली. त्यांनी ३६ महिने, दोन्हीकडून २४ महिन्यांचा लॉक-इन आणि पहिल्या वर्षी २२,००० भाडे मान्य केले. विक्रीच्या अटीतील पहिला भाग त्यांनी खोडला आणि भरपाईचा ठेवला. छत्तीस महिन्यांत १,८०,००० वसूल करायचे म्हणजे महिन्याला ५,००० पडतात, म्हणून बाईंनी वॉटरप्रूफिंग आणि नळीचे काम पूर्ण केले, पण दुसरे बेसिन बसवण्याचा विचार सोडून दिला.