दर चुकला, ऑर्डर आली: आता माघार घेता येते का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: "कोटेशन स्वीकारलं गेलं की विक्रेता बांधला गेला, हे तुमचं म्हणणं एकांगी वाटतं. टायपिंगची चूक ही चूकच. 4,850 च्या जागी 485 पडलं तर कोण त्या दराने माल देईल? शिवाय प्रत्येक कोटेशनखाली 'ई अँड ओ ई', म्हणजे चूकभूल देणे-घेणे, छापलेलं असतंच की. मग विक्रेत्याला मागे फिरता येणार नाही हे कोणत्या कायद्यात लिहिलंय?"

तुमच्या 485 च्या उदाहरणात विक्रेता बहुधा सुटेल. पण तो 'टायपिंगची चूक' या कारणाने सुटणार नाही, आणि 'ई अँड ओ ई' मुळे तर नाहीच. तो सुटेल तो खरेदीदाराला चूक दिसत होती म्हणून. हा फरक लक्षात घेतला नाही, तर 4,850 च्या जागी 4,580 पडल्यावरही आपण सहज सुटू असं वाटतं, आणि तिथे विक्रेता पुरता अडकतो.

तुम्ही विचारलेला कायदा म्हणजे 1872 चा भारतीय करार कायदा. त्याचं कलम 22 सांगतं की वस्तुस्थितीबाबत एकाच पक्षाची चूक झाली, तर केवळ तेवढ्या कारणाने करार रद्द करता येत नाही. कलम 20 प्रमाणे करार निरर्थक ठरायला चूक दोन्ही पक्षांची असावी लागते, तीही कराराच्या गाभ्याशी असलेल्या गोष्टीबद्दल. त्याच कलमाचं स्पष्टीकरण म्हणतं की वस्तूच्या किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीची चूक धरायची नाही. म्हणून कॉस्टिंग करताना वाहतूक खर्च धरायचा राहिला आणि दर कमी लागला, तर विक्रेत्याला इथे काहीच आधार नाही. त्याला तोच दर लिहायचा होता आणि त्याने तोच लिहिला.

टायपिंगची चूक वेगळी असते, कारण तिथे लिहायचं एक होतं आणि लिहिलं गेलं दुसरंच. तरीही वाचणाऱ्याच्या हातात फक्त कागद असतो. कागदावरचा आकडा त्याला खरा वाटण्यासारखा असेल, तर तुमच्या मनात कोणता आकडा होता याची झळ त्याने का सोसावी? मात्र तो आकडा खरा नाही हे त्याला कळलं असेल, किंवा कोणत्याही शहाण्या माणसाला कळलंच असतं, तर चित्र बदलतं. कलम 13 म्हणतं की संमती म्हणजे दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार देणं. समोरच्याला हा दर द्यायचाच नाही हे ओळखून होकार कळवणाऱ्याची अशी संमती झालीच नाही, असा युक्तिवाद उभा राहतो. फसवणुकीच्या कलम 17 वर मात्र फार भिस्त ठेवू नये. बोलण्याचं कर्तव्य नसेल तर नुसतं गप्प बसणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं तेच कलम सांगतं.

या विषयावर ज्याचा दाखला सगळीकडे दिला जातो तो निकाल इंग्लंडमधला, 1939 चा, हार्टॉग विरुद्ध कॉलिन अँड शील्ड्स. सौदा अर्जेंटिनाच्या 30,000 सशांच्या कातड्यांचा होता. आधीची सगळी बोलणी नगाच्या दराने झाली होती, त्या धंद्यातली रीतही तीच. शेवटच्या प्रस्तावात मात्र तोच दर एका पौंड वजनाला म्हणून लिहिला गेला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसतात, म्हणजे भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला. खरेदीदाराने झटकन होकार दिला आणि माल मिळाला नाही तेव्हा नुकसानभरपाई मागितली. ही चूक त्याच्या लक्षात आलीच असणार, म्हणून करार झालाच नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सिंगापूरच्या डिजिलँडमॉल प्रकरणातही तेच झालं. तिथे 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर संकेतस्थळावर 66 डॉलरला दिसू लागला आणि सहा जणांनी मिळून 1,606 प्रिंटर मागवले. मध्यरात्रीनंतर शेकड्याने प्रिंटर मागवणाऱ्यांना दर चुकल्याचं कळलं नव्हतं, हे न्यायालयाला पटलं नाही. परदेशातले हे निकाल आपल्या न्यायालयांना बंधनकारक नाहीत, पण कलम 13 आणि 22 एकत्र वाचताना हीच विचाराची दिशा उपयोगी पडते.

आता तुमचंच उदाहरण पुढे नेऊ. औद्योगिक व्हॉल्व्हचे 400 नग, खरा दर 4,850, म्हणजे कर सोडून 19,40,000 रुपये. दर 485 पडला तर एकूण 1,94,000 होतात. बाजारात कुठेही हा व्हॉल्व्ह दहाव्या हिश्श्यात मिळत नाही, आणि व्हॉल्व्ह नेहमी घेणाऱ्याला ते ठाऊक असतंच. त्यातून त्याने आधी 40 नगांची चौकशी केली असेल आणि दर पाहून ऑर्डर 400 ची काढली असेल, तर ती ऑर्डरच विक्रेत्याचा सर्वांत बळकट पुरावा होते. पण 4,850 चे 4,580 झाले तर फरक साडेपाच टक्क्यांचा. एवढी सूट धंद्यात रोज दिली जाते. खरेदीदाराला तो आकडा चुकीचा वाटण्याचं कारणच नाही, तेव्हा विक्रेता बांधला गेला. म्हणजे चूक जितकी ढोबळ, तितकी सुटकेची शक्यता जास्त. विचित्र वाटेल, पण तर्क सरळ आहे. अवघड असतो तो मधला पट्टा, म्हणजे 4,850 च्या जागी 3,850. वीस टक्के कमी दर हा जुना साठा काढण्यासाठी दिला असंही समजता येतं. तिथे निकाल आधीचा पत्रव्यवहार, मागचे दर आणि दोघांची आधीची देवघेव यांवर फिरतो.

या सगळ्याच्या आधी मात्र एक गोष्ट तपासायची असते, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. करार झाला आहे का? कोटेशनवर 'आमच्या लेखी पुष्टीच्या अधीन' असं असेल, तर कोटेशन हा बहुधा प्रस्तावच नसतो. खरेदीदाराची पर्चेस ऑर्डर हा प्रस्ताव ठरतो आणि तुम्ही ऑर्डर ॲक्सेप्टन्स पाठवेपर्यंत तुम्ही मोकळे. दुसरं, पर्चेस ऑर्डर कोटेशनशी ओळ न् ओळ ताडून पाहा. तुम्ही आगाऊ रक्कम मागितली होती आणि ऑर्डरमध्ये '30 दिवसांनी पेमेंट' असेल, किंवा उशिराबद्दल दंडाचं कलम नव्याने घातलं असेल, तर कलम 7 नुसार तो निखळ स्वीकार नव्हे, तो उलट प्रस्ताव आहे. इथे चुकीच्या दराबद्दल वाद घालण्याची गरजच उरत नाही. आणि स्वीकार आलेलाच नसेल, तर कलम 5 प्रमाणे प्रस्ताव सरळ मागे घेता येतो. पण मागे घेतल्याचं पत्र स्वीकार रवाना होण्याआधी समोरच्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून ईमेलबरोबर फोनही करावा.

'ई अँड ओ ई' कडे वळू. चूकभूल देणे-घेणे हा शेरा बेरजेची किंवा लेखनाची उघड चूक दुरुस्त करायला मदत करतो. दर 4,850, नग 400 आणि एकूण 1,94,000 असं कागदावरच विसंगत दिसत असेल, तर हा शेरा उपयोगी पडेल. पण आज बहुतेक कोटेशन स्प्रेडशीटमधून निघतात. दराच्या रकान्यात 485 पडलं की एकूण, त्यावरचा 18 टक्के जीएसटी आणि अक्षरी रक्कम, सगळं त्याच चुकीच्या दराने बिनचूक येतं. कागद आतून सुसंगत असतो आणि तळाच्या तीन अक्षरांनी त्याला तडा जात नाही. दर आवडला नाही म्हणून मागे फिरण्याचा परवाना तर तो शेरा कधीच देत नाही.

सरकारी निविदांचं गणित वेगळंच आहे. तिथे अटींमध्येच लिहिलेलं असतं की अंक आणि अक्षरं यांत फरक असेल तर अक्षरी दर धरायचा, आणि दर व एकूण यांत फरक असेल तर दर धरायचा. म्हणजे दर 485 आणि एकूण 19,40,000 असं लिहिलेलं असेल, तर खासगी व्यवहारात जी विसंगती तुम्हाला वाचवते, तीच निविदेत तुम्हाला 1,94,000 वर आणून बसवते. पश्चिम बंगाल राज्य विद्युत मंडळ विरुद्ध पटेल इंजिनिअरिंग या प्रकरणात बोली उघडल्यानंतर दरांतल्या चुका सुधारू देण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये नकार दिला. बोली वैध राहण्याच्या मुदतीत ती मागे घेतली, तर अटींनुसार बयाणा रक्कम जप्त होते.

चूक लक्षात आली की त्याच दिवशी लिहावं, आणि त्या पत्रात कोटेशन क्रमांक, चुकीचा दर, बरोबर दर आणि चूक कशी झाली हे चार ओळींत यावं. सोबत त्याच वस्तूचं मागच्या महिन्याचं कोटेशन किंवा खरेदीचं बिल जोडावं, कारण 485 हा दर तुमच्या खरेदीखर्चाच्याही खाली आहे हे त्यातून दिसतं. आगाऊ रक्कम आली असेल तर ती वापरू नये, त्याच पत्रात परत करण्याची तयारी कळवावी. ऑर्डर ॲक्सेप्टन्स, प्रोफॉर्मा इनव्हॉइस, मालाचा एखादा हप्ता, यातलं काहीही त्या दराने जाऊ देऊ नये. बऱ्याच ठिकाणी विक्री विभाग चूक कळवत असतो आणि हिशेब विभाग त्याच संध्याकाळी जुन्याच दराचा प्रोफॉर्मा पाठवून मोकळा होतो. मग चूक झाली होती हे कोणाला पटवून देणार?

त्याहून वाईट म्हणजे खरं कारण लपवणं. "कच्चा माल महागला म्हणून सुधारित दर पाठवत आहोत" असं लिहिलं की तुम्ही स्वतःच कबूल केलंत, मूळ दर तुमचाच होता आणि आता तो परवडत नाही. पुढे न्यायालयात 'टायपिंगची चूक' म्हणायला गेलात की समोरचा वकील हाच ईमेल काढणार.

आणि 4,580 च्या प्रसंगात माघार घेण्याआधी हिशेब मांडा. कलम 73 खाली खरेदीदाराला सहसा बाजारभाव आणि कराराचा दर यांतला फरक मिळतो. त्याने वाजवी वेळेत दुसरीकडून 4,900 ने माल घेतला, तर नगामागे 320, म्हणजे 400 नगांचे 1,28,000 रुपये. त्याने वेळेत पर्याय शोधला नाही आणि नुकसान वाढू दिलं, तर तो वाढीव भाग मिळणार नाही. दुसऱ्या बाजूला, तुम्हाला व्हॉल्व्ह 4,300 ला पडत असेल तर 4,580 ने देऊनही नगामागे 280, एकूण 1,12,000 रुपये सुटतात. अपेक्षित नफ्यात 1,08,000 ची घट झाली एवढंच. माघार घेतलीत तर हे 1,12,000 मिळणार नाहीत, आणि वर 1,28,000 पर्यंत देणं अंगावर येऊ शकतं.