फॅटी लिव्हर आणि रोजचं अंडं: खुलासा

“मॅडम, मेसेज आलाय की रोज अंडं खाल्लं तर फॅटी लिव्हर वाढतं. मिस्टरांचं बंद करू का? आणि खायचं तर अंडं करायचं कसं?” — खानापूरच्या एक ताई

बंद करू नका, ताई. यकृतात चरबी साठते ती मुख्यतः वाढलेलं वजन, साखर, मैदा नि दारूमुळे. उलट बलकातलं कोलीन नावाचं पोषकद्रव्य ती चरबी यकृताबाहेर न्यायला लागतं, म्हणून बलक टाकू नका. रोज एक अंडं सहसा चालतं. मधुमेह किंवा कोलेस्टेरॉल जास्त असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.

उकडलेलं सगळ्यात बरं. त्यात साधारण ७५ कॅलरी. दोन छोटे चमचे तेलात ऑम्लेट केलं की दुपटीहून जास्त. वर बटर-पाव, आणि नाव अंड्याचं! काही कमी करायचंच तर गोड कुंदा कमी करा. तो मेसेज मात्र पुढे ढकलू नका.