‘नुसती आठवण’ पाठवणे आता बंद करा

एका गोदामाला आमच्या बारकोड प्रणालीचा प्रस्ताव पाठवून आज 15 दिवस झाले, समोरून एक ओळही आलेली नाही, आणि आमच्या साहेबांचा रोज एकच धोशा चालू आहे: “अरे, विचार की त्यांना, वाचला का म्हणून! सवलत शुक्रवारी संपते असं लिही.” या सल्ल्याचा मला मनापासून संताप येतो. ‘नुसती आठवण करून देत आहे’ या वाक्यातून समोरच्याला काय मिळते? उत्तर न दिल्याची टोचणी तेवढी मिळते, आणि अशी टोचणी लागलेला माणूस आपला मेल उघडायचेच टाळू लागतो. शिवाय शुक्रवारी संपलेली सवलत सोमवारी पुन्हा दिली, की आपला पहिला दरही खोटा ठरतो.

उत्तर का अडले आहे, हे कोणी विचारत नाही. बैठकीत गोदामाचे व्यवस्थापक स्वतः म्हणाले होते की मालमोजणीसाठी दर तिमाहीला गोदाम दोन दिवस बंद ठेवावे लागते. आमची बारकोड प्रणाली त्यांना पसंत होती. मात्र पैसे मंजूर करणारे लेखाप्रमुख त्या बैठकीला नव्हते, आणि आमचा 22 पानी प्रस्ताव त्यांना समजावून सांगण्याचे काम आम्ही या बिचाऱ्या व्यवस्थापकांवर टाकून मोकळे झालो. (ही चूक आमची आहे, त्यांची नव्हे.)

म्हणून काल मी त्याच जुन्या मेलच्या उत्तरात एक पान जोडले. त्यांच्या 1,200 वस्तूंपैकी सर्वाधिक उलाढालीच्या 180 वस्तू दरमहा, मधल्या 360 दर तिमाहीला आणि उरलेल्या 660 वर्षातून एकदा मोजल्या, तर वर्षभरात 4,260 मोजण्या होतात. कामाचे 250 दिवस धरले तर दिवसाला साधारण 17. गोदाम बंद न ठेवता हे काम होते, आणि आमची प्रणाली घेतली नाही तरी कागद-पेन्सिलीने उद्यापासून सुरू करता येते. पान लेखाप्रमुखांकडे जसेच्या तसे पाठवता यावे, म्हणून त्यात आमचा दर किंवा बोधचिन्ह ठेवलेले नाही. शेवटी एकच प्रश्न विचारला: “हा विषय या तिमाहीत घ्यायचा आहे, की पुढे ढकलला आहे? ‘पुढे’ एवढे कळवलेत तरी चालेल.”

यावर साहेब म्हणाले, “फुकट सल्ला कशाला वाटतोस?” ज्या माणसाने आपली अडचण तासभर विश्वासाने सांगितली, त्याला तिच्यावरचे एक पानभर उत्तर देणे जर फुकट वाटणे असेल, तर त्या तासभरात आपण ऐकले तरी काय? व्यवस्थापकांचे उत्तर येवो वा न येवो, त्या शुक्रवारच्या सवलतीचा मेल माझ्या नावाने जाणार नाही, हे मी साहेबांना लेखी कळवले आहे.