फॉरेक्स कार्डचा रिफंड : एका कॉमेंटला जरा लांबलेलं उत्तर

वाचकाची कॉमेंट :

"ताई, तुम्ही लिहिलंत की परत आल्या आल्या कार्डवरचे उरलेले पैसे काढून घ्या, मी अगदी तसंच केलं आणि पस्तावलो. शेवटच्या आदल्या दिवशी 300 युरो रिलोड केले होते 100 च्या रेटने, 40 च लागले. आल्यावर रिफंड मागितला तर रेट दिला 96, वर रिफंड फी, आणि 260 पैकी 180 युरोच दिले, 80 अडकवून ठेवलेत. यापेक्षा कार्डवर तसेच राहू दिले असते तर बरं झालं असतं. फी बद्दल लेखात अवाक्षर नाही. लोकांना अर्धवट सल्ले देऊ नका."

आधी माझी चूक कबूल करते. "आल्या आल्या" हा शब्द नको होता. पैसे काढून घ्या हे अजूनही म्हणते (तेही सगळ्यांना नाही, त्यावर खाली येतेच), पण विमानतळावरून घरी आलात की दुसऱ्याच दिवशी रिक्वेस्ट टाका असं लिहायला नको होतं, आणि तुमचे ते 80 युरो नेमके त्याच घाईत अडकलेत.

ते का अडकतात बघा. रिझर्व्ह बँकेची सूचना अशी आहे की कार्डधारकाने मागितला की उरलेला बॅलन्स बँकेने लगेच परत करायचा, पण दोन गोष्टी थोडे दिवस राखून ठेवता येतात. एक म्हणजे ज्या व्यवहाराला परवानगी गेलीये पण समोरच्याने पैसे अजून उचललेले नाहीत ती रक्कम, आणि दुसरं म्हणजे वाटेत असलेल्या व्यवहारांसाठी जास्तीत जास्त 100 डॉलर. 80 युरो त्या 100 डॉलरच्या आतच बसतात, म्हणजे बँकेने तुम्हाला फसवलेलं नाही. पण हे कायमचं नसतं, सेटलमेंट पूर्ण होईपर्यंतच ठेवता येतं. हॉटेलवाला चेक-इनला डिपॉझिट म्हणून रक्कम ब्लॉक करतो, भाड्याच्या गाडीवाला करतो, काही पेट्रोल पंपही करतात, आणि ती मोकळी व्हायला कधी दोन दिवस तर कधी दोन-तीन आठवडे लागतात. अॅपमध्ये दोन आकडे दिसतात का बघा, एकूण बॅलन्स आणि वापरता येण्यासारखा बॅलन्स. दोन्ही सारखे झाले की काही अडकलेलं उरलं नाही असं समजायचं आणि तेव्हा एकदाच रिफंड मागायचा.

एकदाच का, तर प्रत्येक रिफंडला जीएसटी वेगळा लागतो. चलन बदलण्यावर जीएसटी पूर्ण रकमेवर नसतो, लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा 1 टक्का ही किंमत धरतात, ती 250 रुपयांपेक्षा कमी धरत नाहीत आणि त्यावर 18 टक्के. म्हणजे 25 हजाराच्या आत कितीही छोटा व्यवहार केलात तरी 45 रुपये जाणारच. तुम्ही रिफंड फी किती ते लिहिलं नाही, मी 100 रुपये अधिक जीएसटी असे 118 धरते, रिलोड फीही तेवढीच धरते, तुमच्या कार्डच्या चार्जेसच्या पानावर खरा आकडा बघून घ्या. तर 180 युरोच्या रिफंडला 45 आणि 118 मिळून 163 गेले, आता उरलेले 80 मागाल तेव्हा बँकेने परत फी लावली तर अजून 163. थांबला असतात तर हे दुसरे 163 वाचले असते, आणि ते माझ्या "आल्या आल्या" मुळे गेले हे मान्य.

पण खरा खड्डा फीचा नाहीच. 100 ने घेतलेला युरो 96 ने परत दिला, 260 युरोवर 4 रुपयांप्रमाणे 1,040 रुपये झाले, आणि हे कुठल्याही पावतीवर चार्ज म्हणून छापून येत नाही म्हणून कुणाला टोचत नाही. फी दिसते म्हणून राग फीवर निघतो. बँक चलन विकते एका रेटने आणि घेते दुसऱ्या रेटने, हा फरक तुम्ही रिफंड मागितलात त्या दिवशी नाही ठरला, तुम्ही रिलोडचं बटण दाबलंत तेव्हाच ठरला. त्या रिलोडला 30 हजारावर जीएसटी 54 आणि फी 118 मिळून 172. सगळी बेरीज करा, 172, रेटमधले 1,040 आणि दोन रिफंडचे 326, एकूण 1,538. लागले किती तर 40 युरो! म्हणजे साधारण चार हजारांच्या खर्चासाठी दीड हजार वर गेले.

त्याजागी ते 40 युरो साध्या क्रेडिट कार्डने दिले असते तर? तिथे परदेशी व्यवहारावर मार्कअप असतो, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, धरून चाला 4.13 टक्के. चार हजारावर साधारण 165 रुपये. फॉरेक्स कार्ड घेतलं की क्रेडिट कार्डला हात लावायचा नाही असं डोक्यात बसलेलं असतं (माझ्याही होतं), पण शेवटच्या दोन दिवसांत गणित उलटं होतं. हॉटेलचं बिल देताना रिसेप्शनला सांगायचं की फॉरेक्स कार्डवर जेवढे आहेत तेवढे यातून घ्या आणि उरलेले दुसऱ्या कार्डवर, बहुतेक ठिकाणी करून देतात, नुसतं रक्कम फोडून दोनदा स्वाइप करायचं असतं. कार्ड शून्यावर आणायची ही सगळ्यात स्वस्त रीत.

आता तुमचा मूळ मुद्दा, राहू दिले असते तर. यात तुम्ही बरोबर असू शकता. वर्षभरात परत युरोवाल्या देशात जायचं असेल आणि कार्डची मुदत तोपर्यंत असेल तर ठेवा, कारण आत्ता 96 ने विकून नंतर पुन्हा विकत घेणं म्हणजे तोच फरक परत भरणं. नियमानेही अडचण नाही, परत आल्यापासून 180 दिवसांत उरलेलं चलन बँकेला परत करायचं असतं पण 2,000 डॉलरपर्यंत पुढच्या वापरासाठी ठेवायची मुभा आहे. फक्त दोन गोष्टी बघा. काही कार्डांवर ठराविक महिने वापर नाही झाला तर बॅलन्समधून फी कापतात, आणि पुढची ट्रिप येनवाल्या देशात असेल तर युरो वापरताना चलन बदलायचा चार्ज लागतो, मग ठेवण्यात अर्थ नाही.

आणि एक, रिफंड घ्या पण कार्ड बंद करू नका. मी एकदा उत्साहात बंद करून टाकलं आणि तीन आठवड्यांनी रद्द केलेल्या ट्रेनच्या तिकिटाचे 54 युरो त्याच बंद कार्डावर आले, ते मिळवायला बँकेला किती मेल केले ते मोजायचं सोडून दिलं.

तुमच्या 80 युरोसाठी आज एवढं करा, बँकेला मेल टाका की कुठल्या व्यापाऱ्याची, कुठल्या तारखेची रक्कम सेटल व्हायची आहे म्हणून हे राखलेत ते लेखी कळवा. नाव आणि तारीख आली तर त्या हॉटेलला होल्ड सोडायला सांगता येईल. काहीच पेंडिंग नाही असं उत्तर आलं तर मग त्याच मेलच्या खाली, दुसरी रिफंड फी न लावता उरलेले परत करा म्हणून लिहा, कारण दोन हप्ते त्यांनी केलेत, तुम्ही नाही. काय उत्तर येतं ते इथेच टाका, तोवर मी मूळ लेखातली ती ओळ बदलते.